पाकिटावरची साखर कशी वाचायची? साखरेच्या शॉर्टवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या प्रत्येक शॉर्टमध्ये, म्हणजे छोट्या व्हिडिओत, पाकिटातला एकच घटक असतो. मैदा, पाम तेल, मीठ यांचे शॉर्ट होऊन गेले, पण सगळ्यांत जास्त प्रश्न आले ते साखरेवर, आणि तेच तेच पुन्हा येतात. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. पाकीट हातात घेतलं की आधी कुठे बघायचं?

पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला गव्हाची कणसं, दुधाचा फवारा आणि धावणारी मुलं असतात. साखर मागे असते.

मागे दोन जागा बघायच्या. पहिली घटकांची यादी, म्हणजे 'इन्ग्रेडियन्ट्स'. त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे ज्याचं नाव पहिलं तो माल सगळ्यांत जास्त. दुसरी जागा म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता. त्यात 'कार्बोहायड्रेट'च्या खाली दोन ओळी असतात : 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स'. आकडा 100 ग्रॅमच्या रकान्यातला वाचा. दोन पाकिटांची तुलना करायची तर दुसरा कुठलाही रकाना कामाचा नाही, कारण 'एक सर्व्हिंग' किती ग्रॅमचं हे कंपनी ठरवते. एकीचं 20 ग्रॅमचं असतं, दुसरीचं 40 चं.

2. टोटल शुगर आणि ॲडेड शुगर यांत फरक काय?

टोटलमध्ये सगळी साखर आली, म्हणजे दुधातली, फळातली आणि वरून घातलेली. ॲडेड म्हणजे कारखान्यात वरून घातलेली साखर आणि पाक. साध्या दुधात 100 मिलीला साधारण साडेचार ते पाच ग्रॅम साखर असते. ती दुधाचीच, लॅक्टोज. तिथे ॲडेडचा आकडा शून्य असतो. त्याच दुधाची इलायची-केशरवाली बाटली घेतलीत की दोन्ही आकडे वर जातात.

ॲडेड शुगरची वेगळी ओळ एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या लेबलिंग नियमांनी सक्तीची केली. बहुतेक वेळा हीच ओळ पुरते. माल्टच्या पावडरी (प्रश्न 9) आणि खजुराचे पदार्थ (प्रश्न 7) यांच्या बाबतीत मात्र टोटलसुद्धा बघा.

3. ताई, एक पाकीट पूर्ण वाचून दाखवा ना.

चहासोबतचं ग्लुकोज-दूध छापाचं बिस्किट घेऊ. आकडे या प्रकारच्या बिस्किटांत दिसतात तसेच आहेत, फक्त हिशोबाला सोपे जावेत म्हणून सरळ केले आहेत.

यादी अशी : मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप, मिल्क सॉलिड्स (1.2%), रेझिंग एजंट्स (500, 503), मीठ, इमल्सिफायर (322).

साखर दुसरी, म्हणजे मैद्याखालोखाल तीच. चौथ्या नंबरचं इन्व्हर्ट सिरप हा साखरेचाच पाक आहे, तेव्हा साखर दोनदा आली. मिल्क सॉलिड्सपुढे 1.2% का छापलं? कारण पुढच्या बाजूला दुधाचं चित्र आहे. ज्या घटकाचा शब्दांत किंवा चित्रात गाजावाजा केला, त्याचं प्रमाण सांगावं लागतं. म्हणजे फवारा एवढा मोठा आणि दूध सव्वा टक्काही नाही. 500 म्हणजे खायचा सोडा आणि 322 म्हणजे लेसिथिन. आजचा विषय तो नाही, त्यामुळे त्या आकड्यांना घाबरू नका.

आता तक्ता. 100 ग्रॅमला टोटल शुगर 26 ग्रॅम, ॲडेड 25 ग्रॅम. एका बिस्किटाचं वजन 7 ग्रॅम आणि कंपनीने सर्व्हिंग धरलंय चार बिस्किटांचं, म्हणजे 28 ग्रॅम. एका सर्व्हिंगमध्ये ॲडेड शुगर 7 ग्रॅम.

आता खऱ्या घरातला हिशोब. सकाळी चार, संध्याकाळी चार, अशी आठ बिस्किटं 56 ग्रॅम झाली आणि त्यांतून साखर गेली 14 ग्रॅम. दोन्ही वेळच्या चहात दोन-दोन चमचे साखर, सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी 16 ग्रॅम. बेरीज 30 ग्रॅम, आणि अजून दिवसभरात गोड म्हणून काहीच खाल्लेलं नाही.

या हिशोबात चहाची साखर बिस्किटापेक्षा जास्त निघाली, हे कमेंटमध्ये बऱ्याच जणांना पटलं नाही. पण आकडे तेच सांगतात. ज्यांच्या घरी चहा बिनसाखरेचा आहे, त्यांनी बिस्किटाकडे जास्त बारकाईने बघावं. बाकीच्यांनी आधी चहाचा चमचा मोजावा.

4. '% आरडीए 14' असं लिहिलंय. म्हणजे बिस्किटात 14 टक्के साखर?

नाही, आणि हा गोंधळ फार होतो. आरडीए म्हणजे दिवसभरासाठी धरलेलं प्रमाण. नियमाप्रमाणे दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसासाठी ॲडेड शुगरची मर्यादा 50 ग्रॅम धरली आहे. एका सर्व्हिंगमध्ये 7 ग्रॅम, म्हणजे त्या 50 पैकी 14 टक्के. बिस्किटात साखर आहे 25 टक्के. शेजारी-शेजारी छापलेले दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात.

आणि 50 ग्रॅम ही वरची हद्द आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा 2015 चा सल्लाही साखरेतून येणारी ऊर्जा 10 टक्क्यांच्या आत ठेवा असाच आहे, आणि जमलं तर 5 टक्क्यांच्या आत. 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. लहान मुलांसाठी छापील टक्का वापरूच नका. ज्या मुलाचा दिवसाचा आहार 1400 किलोकॅलरीचा आहे, त्याचे 10 टक्के 140 होतात, आणि साखरेच्या एका ग्रॅमला चार किलोकॅलरी धरल्या तर 35 ग्रॅम. मोठ्या माणसाचे 14 टक्के त्या मुलासाठी 20 होतात.

5. यादीत साखर तिसऱ्या-चौथ्या नंबरवर आहे. म्हणजे कमीच असणार ना?

असेलही, नसेलही. साखर तीन नावांनी घातली की प्रत्येक नावाचं वजन कमी भरतं आणि तिन्ही नावं खाली सरकतात. समजा 100 ग्रॅम ग्रॅनोला बारमध्ये ओट्स 30 ग्रॅम, साखर 12, लिक्विड ग्लुकोज 12 आणि मध 10. यादीत पहिले ओट्स दिसतात, पण गोडाची बेरीज 34 ग्रॅम आहे, ओट्सपेक्षा जास्त. यात बेकायदा काही नाही. शिवाय लिक्विड ग्लुकोजला चिकटपणासाठी खरंच काम असतं, प्रत्येक वेळी लपवाछपवीच असते असं मी म्हणणार नाही.

ओळखायची नावं : डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, मध, गूळ. 'ओज' किंवा 'सिरप' दिसलं की थांबायचं, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. सेल्युलोज मात्र चोथा आहे, साखर नाही.

यादीची आणखी एक पळवाट आहे. चोको चिप्ससारखा आधीच तयार केलेला घटक 5 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याच्या आत काय काय आहे ते सांगायची सक्ती नाही. म्हणजे चिप्समधली साखर यादीत दिसणार नाही. तक्त्यात मात्र ती मोजली जाते. म्हणून यादी आणि तक्ता यांत काही जुळत नसेल, तर तक्त्यावर जा.

6. गुळाची किंवा मधाची बिस्किटं तर चालतात ना?

लेबलच्या हिशोबात गूळ आणि मध दोन्ही ॲडेड शुगरच आहेत. गुळाचा बहुतेक भाग सुक्रोज असतो, म्हणजे साखरेतलाच पदार्थ. त्यातलं लोह वगैरे खरं आहे, पण चार बिस्किटांतल्या गुळातून ते नाव घेण्याइतकंही मिळत नाही. चव आवडते म्हणून जरूर घ्या. 'गूळ आहे म्हणून चार जास्त' एवढं नको.

7. 'नो ॲडेड शुगर' आणि 'शुगर फ्री' एकच का? वडिलांना मधुमेह आहे.

एकच नाही. एफएसएसएआयच्या दाव्यांबाबतच्या 2018 च्या नियमांत 'शुगर फ्री' म्हणजे 100 ग्रॅम किंवा 100 मिलीमध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त नाही. 'लो शुगर' म्हणजे घन पदार्थात 100 ग्रॅमला 5 ग्रॅमपर्यंत आणि पेयात 100 मिलीला अडीच ग्रॅमपर्यंत. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून साखर, मध, पाक घातला नाही आणि साखरेच्या जागी आटवलेला फळांचा रसही नाही. पण पदार्थाची स्वतःची साखर कितीही असू शकते. खजूर-सुकामेव्याच्या बारमध्ये ॲडेड शून्य आणि टोटल 40 ग्रॅमच्या वर, असं सहज दिसतं. मधुमेह्याने अशा वेळी टोटल वाचायचं.

'शुगर फ्री' बिस्किटातही मैदा असतोच. वडिलांसाठी सगळ्यांत उपयोगाची ओळ साखरेची नाही, कार्बोहायड्रेटची आहे. 'शुगर फ्री' पाकिटावर 100 ग्रॅमला 65 ग्रॅम कार्बोहायड्रेट असेल, तर चार बिस्किटं म्हणजे 18 ग्रॅमच्या आसपास, आणि ती ग्लुकोमीटरवर दिसणारच. किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आम्ही लेबल वाचतो, औषधं नाही.

गोडी कशाने आणली तेही बघा. 955 म्हणजे सुक्रालोज, 951 ॲस्पार्टेम, 960 स्टीव्हिया. 965 असेल तर माल्टिटॉल. त्यात कॅलरी असतात, रक्तातली साखरही काही प्रमाणात वाढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.

8. माल्टोडेक्स्ट्रिन साखर आहे की नाही? सरळ सांगा.

लेबलपुरती नाही, शरीरापुरती जवळजवळ आहे. मक्याचा वगैरे स्टार्च तोडून त्याची पावडर करतात. साखळ्या साखरेपेक्षा लांब असल्यामुळे ती 'शुगर्स'च्या ओळीत धरली जात नाही, फक्त कार्बोहायड्रेटमध्ये जाते. चवीला फारशी गोड नाही. पण पोटात गेल्यावर झटकन तुटून तिचा ग्लुकोज होतो, आणि ग्रॅममागे कॅलरीही साखरेइतक्याच, चार.

साखरेचा आकडा कमी दिसतोय आणि यादीत माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या तीनात आहे, असं पाकीट दिसलं की कार्बोहायड्रेटमधून टोटल शुगर वजा करा. जे उरतं त्यात स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन आणि लेबलनुसार चोथाही येतो. पिठाच्या पदार्थात उरलेला बराचसा भाग पीठच असतं, म्हणून तिथे काही कळत नाही. पावडरीत, जिथे पीठ फारसं नसतं, तिथे मात्र चित्र लगेच स्पष्ट होतं. चिप्सच्या मसाल्यात शेवटी-शेवटी माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ते मसाला पसरायला घातलेलं असतं, चिमूटभर. त्यावर रान उठवू नका.

9. मुलाच्या दुधात घालायच्या पावडरीचं लेबल कसं वाचायचं? त्यात तर दोन-तीन रकाने असतात.

रकान्यांचीच गंमत आहे. एक रकाना 100 ग्रॅम पावडरचा, एक सर्व्हिंगचा, आणि कधी तिसरा 'दुधासह'. समजा 100 ग्रॅम पावडरमध्ये प्रोटीन 7 ग्रॅम. 20 ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये 1.4 ग्रॅम आलं. 200 मिली दुधात स्वतःचं प्रोटीन सुमारे 6 ग्रॅम असतं. 'दुधासह' रकान्यात छापलं जातं 7.4. पावडर काढून घेतलीत तरी त्यातले 6 ग्रॅम तुमच्या गवळ्याचेच आहेत. म्हणून पावडरची किंमत करायची तर पावडरच्याच रकान्यावरून करा.

साखर बघू. 100 ग्रॅमला ॲडेड 32 असेल, तर 20 ग्रॅममध्ये 6.4 ग्रॅम. पण घरात चमचे शीग लावून भरतात. एकदा घरच्या वजनकाट्यावर तुमचे दोन चमचे तोलून बघा, 30 ग्रॅम सहज भरतात. मग साखर झाली 9.6, आणि वर 'फिकं लागतं' म्हणून एक चमचा साखर, आणखी 4. एका कपाला 13.6 आणि दोन कपांना 27.2. प्रश्न 4 मधल्या मुलाच्या 35 ग्रॅमपैकी हे फक्त दुधातून गेलं.

माल्टच्या पावडरीत मी ॲडेडसोबत टोटलही बघते. दुधाच्या पावडरीतलं लॅक्टोज आणि माल्टमधली साखर त्यात येते, आणि दोन डब्यांची तुलना अधिक सरळ होते.

'हेल्थ ड्रिंक' या शब्दाबद्दलही विचारतात. अन्न सुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. म्हणून एप्रिल 2024 मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाच्या विभागातून काढायला सांगितली. डब्यातली पावडर तीच राहिली.

10. कोकम सरबताच्या बाटलीवर 60 ग्रॅम साखर दिसली. खरं असेल?

असू शकतं. ते 100 मिली सिरपचे आहेत, ग्लासभर सरबताचे नाहीत. ग्लासात 40 मिली सिरप घातलंत तर 24 ग्रॅम. बाटलीवर एकास चार, एकास पाच असं प्रमाण लिहिलेलं असतं, ते धरून हिशोब करा. दादरच्या दुकानात सिरपच्या शेजारी कोकम आगळ ठेवलेलं असतं. त्यात साखर नसते, मीठ भरपूर असतं. साखर तुम्ही स्वतः, तुमच्या चमच्याने घालता. रक्तदाब असलेल्यांनी तिथे सोडियमची ओळ वाचावी.

11. पाच रुपयांच्या पुड्यावर काहीच लिहिलेलं नसतं. हे चालतं का?

पाकिटाचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटकांची यादी आणि पोषणतक्ता यांतून सूट आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पॅकवर द्यावी लागते. दुकानदाराकडे लटकणारी माळ ज्या बॉक्समधून किंवा मोठ्या पिशवीतून आली, ती बघायला मागा. ओळखीचा वाणी देतो. स्टेशनवरच्या स्टॉलवर संध्याकाळच्या गर्दीत मागू नका. घरी जाऊन त्याच मालाच्या मोठ्या पाकिटाचा फोटो ऑनलाइन बघा, 100 ग्रॅमचे आकडे बहुधा तेच निघतात.

12. लेबल मराठीत का नाही?

सक्ती इंग्रजीची किंवा देवनागरीतल्या हिंदीची आहे. इतर भाषा वरून जोडता येतात, पण कंपनीवर तसं बंधन नाही. आई-आजीसाठी प्रश्न 5 मधली नावं मोठ्या अक्षरांत, इंग्रजी स्पेलिंगसह, एका कागदावर लिहून पिशवीत ठेवा.

13. सगळं ॲपवरूनच येतं. तिथे लेबल कसं बघायचं?

मागच्या बाजूचा फोटो असतो, बहुतेक वेळा शेवटचा. तो मोठा करून वाचा. खाली टाइप केलेल्या वर्णनावर विसंबू नका. पाकीट बदलतं तेव्हा ते बदलायचं राहून जातं. माल घरी आला की पहिल्या वेळी फोटोशी ताडून बघा.

14. बेकरीची नानकटाई, खारी यांचं काय?

सुट्या मालाला ही लेबलं लागत नाहीत. आकडा मिळणार नाही, विचारूनही नाही. नानकटाईत साखर भरपूर असते हे चवीलाच कळतं, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. जास्त लक्ष गोड न लागणाऱ्या मालाकडे द्या. टोमॅटो केचपमध्ये 100 ग्रॅमला 20-25 ग्रॅम साखर नेहमीची गोष्ट आहे.

15. शॉर्टमधला आकडा माझ्या पाकिटावर जुळत नाही. आणि तुम्ही कंपनीचं नाव का झाकता?

दोन्हींचं उत्तर बरंचसं एकच आहे. कंपन्या कृती बदलतात, एकाच नावाखाली पाच फ्लेवर असतात, आणि शॉर्ट मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतो. तुमच्या हातातलं पाकीट खरं, शॉर्ट जुना. तयार केल्याची तारीख बघून ताजं पाकीट धरा.

नाव झाकण्याला दुसरंही कारण आहे. एप्रिल 2023 मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी एका प्रसिद्ध पेयाच्या साखरेवर व्हिडिओ केला, कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि त्यांना तो काढावा लागला. आमच्याकडे वकील नाही. पण त्याहून मोठं म्हणजे, नाव दिसलं की लोक 'मग आता कुठलं घेऊ?' एवढंच विचारतात आणि लेबल वाचणं राहून जातं.

16. लेबल खोटं वाटतंय. तक्रार कुठे करायची?

साखर जास्त आहे ही तक्रार होत नाही. ती छापली असेल तर कंपनीने नियम पाळला. यादीच नाही, ॲडेड शुगरची ओळ गायब आहे, 'नो ॲडेड शुगर' म्हणून यादीत मध आहे, अशा गोष्टींची तक्रार होते. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर करा, किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या. पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि बिल सोबत हवं. फक्त जाहिरातीबद्दल तक्रार असेल तर ती जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे एएससीआयकडे, जाते.

आकडाच खोटा आहे असा संशय असेल तर तपासणीशिवाय सिद्ध होत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साध्या ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. अट एक आहे : तपासणी करून घेणार आहे हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. घरी आणून अर्धं खाल्लेलं पाकीट त्यासाठी उपयोगाचं नाही. अहवालात माल नियमात बसत नाही असं निघालं, तर भरलेलं शुल्क परत मिळतं.